अंधार पडल्यापासून दहा वाजेपर्यंत: आमच्या सोसायटीतला उघड्यावरचा सिनेमा

पुण्यात डिसेंबरच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि साधारण पावणेसातला पडद्यावरचं चित्र नीट दिसण्याइतका अंधार होतो. मे महिन्यात हीच वेळ पावणेआठच्या पुढे जाते. दुसऱ्या टोकाला रात्रीचे दहा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणजे डिसेंबरात सव्वातीन तास हातात असतात, मे महिन्यात जेमतेम सव्वादोन. आमच्या सांस्कृतिक समितीत सुट्टीत मुलं मोकळी असतात म्हणून मे महिन्याचं ठरत आलं होतं. मी कॅलेंडर आणि सूर्यास्ताच्या वेळा समोर ठेवल्या आणि विषय डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारवर येऊन थांबला. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा असते आणि त्याआधी जानेवारीत पूर्वपरीक्षा, त्यामुळे त्यापुढे ढकलणं शक्यच नव्हतं.

आमची सोसायटी तीन विंगची, चौऱ्याऐंशी फ्लॅटची. ए आणि बी विंगच्या मध्ये साठ फूट लांब आणि चाळीस फूट रुंद मोकळी जागा आहे. अर्धी हिरवळ, अर्धे पेव्हर ब्लॉक. एका टोकाला बी विंगची भिंत, दुसऱ्या टोकाला क्लबहाऊस आणि त्यामागे नाला. सेक्रेटरीकाकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "पडदा कुठल्या बाजूला?" प्रश्न साधा वाटला, पण पुढचं बरंचसं याच उत्तरावर अवलंबून होतं. बी विंगच्या तळमजल्यावर एक आजोबा महिनाभर अंथरुणाला खिळलेले होते आणि वरच्या मजल्यावर बारावीतली दोन मुलं. म्हणून पडद्याची पाठ बी विंगकडे ठेवली. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, तोंड क्लबहाऊसकडे, म्हणजे आवाजाचा रोख नाल्याच्या दिशेने. त्या बाजूला लागून कुणाचं घर नाही.

परवानग्यांचं काम मी स्वतःकडे घेतलं. चित्रपटाच्या हक्कांपासून सुरुवात केली, कारण तिथेच सर्वांत जास्त गैरसमज होते. "आपण तिकीट लावत नाही, मग परवानगी कशाला?" हे मला निदान दहा जणांनी विचारलं. तिकीट नसलं तरी चौऱ्याऐंशी घरांसमोर चित्रपट दाखवणं हे घरात बसून बघण्यात मोडत नाही. घरी ज्या ओटीटीचे पैसे भरतो, त्याच्या अटींमध्ये तो वापर वैयक्तिक आणि घरगुती असल्याचं लिहिलेलं असतं. कॉपीराइट कायद्यात निवासी इमारतीच्या बंदिस्त हॉलमध्ये रहिवाशांना ध्वनिमुद्रण ऐकवण्याला सूट आहे, पण ती ध्वनिमुद्रणाला आहे. तिचा आधार घेऊन उघड्यावर चित्रपट लावता येत नाही.

ज्येष्ठ मंडळींनी एक चांगला पर्याय सुचवला होता: एखादा जुना कृष्णधवल चित्रपट. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं राहतो, त्यामुळे तसे बरेच चित्रपट आता त्या मुदतीबाहेर आहेत. पण कथा, पटकथा आणि संगीत यांच्या हक्कांची मुदत वेगळी मोजली जाते, आणि ज्या प्रती सहज मिळतात त्या नव्याने दुरुस्त केलेल्या असतात. शिवाय त्यातले बरेच चित्रपट लांबीला अडीच-पावणेतीन तासांचे. शेवटी एका मराठी बालचित्रपटाच्या निर्मात्यांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यात सोसायटीचं नाव, तारीख, अंदाजे एकशेचाळीस प्रेक्षक, तिकीट नाही, बाहेरच्यांना प्रवेश नाही, एकच खेळ, असं सगळं स्पष्ट लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी माफक शुल्क सांगितलं, एका खेळापुरतं परवानगीचं पत्र दिलं, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत जोडली आणि चित्रपटाची फाइल पाठवली. लांबी एक तास पन्नास मिनिटं, प्रमाणपत्र 'यू'. एवढं सरळ उत्तर मिळेल असं मला वाटलं नव्हतं. विचारायच्या आधीच लोक नकार गृहीत धरतात, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा कागद पोलीस ठाण्याचा. ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते आणि सोसायटीची जागा खासगी असली तरी आवाज कुंपणापाशी थांबत नाही. दहा दिवस आधी अर्ज दिला. त्याला व्यवस्थापक समितीचा ठराव, निर्मात्यांचं पत्र आणि प्रमाणपत्राची प्रत जोडली. अर्जात स्पीकरची संख्या, त्यांची दिशा, सुरू आणि बंद करण्याची वेळ, आणि त्या संध्याकाळी फोन उचलणाऱ्या दोघांचे नंबर लिहिले. बंद करण्याची वेळ आम्ही सव्वानऊ लिहिली, दहा नाही. परवानगी दोन दिवस आधी हातात आली. ती मिळेपर्यंत पडदेवाल्याला आणि साउंडवाल्यांना आगाऊ रक्कम देताना "परवानगी न मिळाल्यास तारीख बदलेल" असं लिहून घेतलं होतं.

तिसरं काम कागदाचं नव्हतं, पण तितकंच गरजेचं होतं. बी विंगच्या आजोबांच्या सुनेला भेटून वेळ सांगितली आणि त्रास होत असेल तर थेट मला फोन करा म्हटलं. त्या म्हणाल्या, "ताई, साडेआठला त्यांचं औषध झालं की ते झोपतात. शेवटचा अर्धा तास जरा हळू ठेवाल?" हे वाक्य मी साउंडवाल्या दादांना जसंच्या तसं सांगितलं.

आता पडद्याबद्दल. माझ्या लहानपणी गणेशोत्सवात आमच्या गल्लीत रस्त्याच्या मध्ये पांढरं कापड ताणून १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवत. अर्धी गल्ली पडद्यासमोर बसायची आणि अर्धी मागे. मागे बसलेल्यांना पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसायची, पण चित्र दिसायचं. त्याचं कारण आता नीट कळतं: पातळ कापडातून बराचसा प्रकाश पलीकडे निघून जातो आणि समोरच्यांच्या वाट्याला उरलेला येतो. तेव्हा अवतीभवती आजच्याइतके दिवे नव्हते म्हणून ते चालून जायचं. आज चादर लावली तर चित्र फिकट दिसतं. म्हणून आम्ही ब्लॅकबॅक फ्लेक्स घेतला, म्हणजे समोरून पांढरा आणि मागून काळा. फ्लेक्सवाल्याकडे जाऊन नमुन्याच्या तुकड्यावर मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून बघितला. गुळगुळीत तुकड्यावर टॉर्चचा पांढरा ठिपका चमकत होता, मॅटवर तो पसरत होता. चमकणाऱ्या फ्लेक्सवर चित्राच्या मध्यभागी असाच उजळ डाग पडतो आणि कडेला बसलेल्यांना चित्र मंद दिसतं. मॅट घेतला, काहीही न छापलेला. चारही बाजूंना दुमड घालून दर फुटावर धातूच्या कड्या ठोकून घेतल्या. चित्राचा आकार बारा फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच, म्हणजे सोळा-नऊचं प्रमाण. खर्च दोन हजारांच्या आत आला.

पडद्याची खरी परीक्षा वारा घेतो. बारा बाय पावणेसात म्हणजे जवळपास साडेसात चौरस मीटर. ताशी तीस किलोमीटरचा वारा सरळ समोरून आला तर त्यावर साधारण बत्तीस किलो वजनाइतका जोर पडतो. चाळीसचा आला तर छप्पन्न किलोच्या आसपास, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. मांडववाल्या दादांना हा हिशेब पटकन समजला. त्यांनी लोखंडी पाइपची चौकट उभी केली, मागे दोन तिरके टेके दिले आणि प्रत्येक पायाशी वाळूची दोन पोती ठेवली. फ्लेक्स चौकटीला सुतळीने घट्ट बांधायचा नाही, हे मी आग्रहाने सांगितलं. दुचाकीच्या मागे सामान बांधायला जे हुकाचे रबरी दोर मिळतात, ते प्रत्येक कडीला लावले. वारा आला की ते ताणतात, फारच आला तर एखादा हुक सुटतो आणि हवा निघून जाते. घट्ट बांधलेला पडदा सगळा जोर चौकटीकडे देतो आणि चौकट पुढच्या ओळीतल्या मुलांवर पडू शकते. वाऱ्याला वाट द्यायला पडद्यात भोकं पाडावीत असंही एकाने सुचवलं होतं. त्याने चित्र खराब होतं आणि जोर फारसा कमी होत नाही.

प्रोजेक्टरच्या बाबतीत आमचा पहिला आठवडा वाया गेला. सी विंगमधल्या एका दादांनी ऑनलाइन घेतलेला छोटा प्रोजेक्टर मोठ्या मनाने देऊ केला. खोक्यावर नऊ हजार ल्युमेन लिहिलेलं होतं. क्लबहाऊसच्या भिंतीवर दिवे बंद करून बारा फुटांचं चित्र पाडलं, तर माणसांचे चेहरे ओळखू येईनात. अशा स्वस्त यंत्रांवरचा आकडा बहुतेकदा दिव्याच्या क्षमतेचा असतो, पडद्यावर पोचणाऱ्या प्रकाशाचा नसतो. भाड्याने देणाऱ्यांना "एएनएसआय ल्युमेन किती?" असं विचारलं की खरा आकडा कळतो. आम्ही पाच हजारांचा घेतला. रंग नीट दिसावेत म्हणून चित्रपटाच्या मोडवर ठेवल्यावर त्यातले साडेतीन हजारांच्या आसपास उरतात असं धरलं, तरी आमच्या पडद्यासाठी ते भरपूर होते.

यापेक्षा जास्त महत्त्वाचं मला वाटतं ते परक्या प्रकाशाचं. प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे पडद्याचा जेवढा भाग उजळलेला नाही तेवढा. गेटवरच्या फ्लडलाइटचा प्रकाश पडद्यावर पडत असेल तर काळा करडा होतो आणि रात्रीचे प्रसंग धुऊन निघतात. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपने, ते फार अचूक नसलं तरी, मी पडद्याच्या जागी उभं राहून मोजलं. गेटचा दिवा चालू असताना चौदा लक्स, तो बंद करून दोन. प्रोजेक्टरचा पांढरा प्रकाश पडद्यावर साडेचारशेच्या वर येत होता. म्हणजे दिवा चालू असताना पांढरा काळ्याच्या तीसेक पट उजळ, दिवा बंद केल्यावर दोनशे पटींहून जास्त. याच फरकासाठी कुणी दुप्पट ताकदीचा प्रोजेक्टर आणला असता, तरी एक दिवा विझवण्याइतका उपयोग झाला नसता.

प्रोजेक्टर कुठे ठेवायचा हेही मोजून ठरवावं लागतं. दुकानदाराने आधी दाखवलेलं यंत्र पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरावरून चित्र पाडायचं, म्हणजे अठरा फुटांवरून, मुलांच्या सतरंजीच्या मधोमध. मी त्याला दूरपर्यंत झूम होणारा मागितला. तो रुंदीच्या सव्वादोनपटीपर्यंत मागे जाऊ शकत होता. आम्ही तो सव्वीस फुटांवर, सतरंजी आणि खुर्च्यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवला. भिंगाची उंची चित्राच्या खालच्या कडेच्या जवळपास ठेवली, म्हणजे चित्र आपोआप चौकोनी पडतं. यंत्र वाकडंतिकडं ठेवून बटणाने चौकोन सरळ करता येतो, पण त्यात चित्राचा काही भाग वाया जातो आणि अक्षरं मऊ होतात.

मांडणी कागदावर छान दिसत होती. शुक्रवारी रात्री, म्हणजे आदल्या दिवशी बरोबर त्याच वेळी, आम्ही रंगीत तालीम घेतली. दुपारी घेतली असती तर यातलं काहीच कळलं नसतं.

पहिली गोष्ट दिव्यांची. आम्ही मैदानाचे दिवे बंद केले, चित्र सुरू केलं आणि पाचव्या मिनिटाला डावी बाजू एकदम उजळली. स्टिल्ट पार्किंगमध्ये हालचाल ओळखणारे दिवे आहेत, कुणी गाडीकडे गेलं की लागतात. वायरमन दादांनी पार्किंगच्या मैदानाकडच्या एका रांगेचा एमसीबी बंद करून ठेवायचं ठरवलं. जिन्याचे, लिफ्टचे आणि गाड्यांच्या वाटेचे दिवे मात्र चालूच. अंधारात कुणी पडलं तर सिनेमा कशाला?

दुसरी गोष्ट बसल्यावर दिसली. मी शेवटच्या ओळीत, बावन्न फुटांवर, खुर्चीत बसले. पुढे सहा जणांना बसवलं. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर होती आणि मला चित्राचा खालचा भाग दिसतच नव्हता. सपाट जमिनीवर आपले डोळे आणि पुढच्याचं डोकं यांत चार-पाच इंचांचाच फरक असतो, पण ते डोकं तीन फुटांवर आणि पडदा बावन्न फुटांवर, त्यामुळे ते चार-पाच इंच तिथे सहा फूट होतात. चित्रपटाला इंग्रजी सबटायटल होती आणि आमच्याकडची तमिळ आणि बंगाली कुटुंबं त्यांच्याच भरवशावर बसणार होती. आम्ही दोन बदल केले. पडदा दीड फूट वर घेतला, म्हणजे खालची कड साडेपाच फुटांवर, आणि प्रोजेक्टरचं टेबलही तेवढंच लाकडी पेट्यांवर चढवलं. चौकट उंच झाली म्हणून वाळूची पोती दुप्पट केली. दुसरं, खुर्च्यांच्या ओळी अर्ध्या खुर्चीने सरकवल्या, म्हणजे प्रत्येकाला पुढच्या दोघांच्या मधून दिसेल. मागच्या दोन ओळींतल्या खुर्च्या काढून तिथे मांडववाल्यांकडून एक फूट उंचीचं लाकडी स्टेज घातलं आणि त्यावर खुर्च्या ठेवल्या. परत जाऊन बसले तेव्हा सबटायटलच्या दोन्ही ओळी वाचता आल्या.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि तिच्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. सुरुवातीलाच स्पीकरमधून एक सलग गुणगुण येत होती. साउंडवाल्या दादांनी लॅपटॉपचा चार्जर काढला, गुणगुण थांबली. चार्जर लावला, परत आली. लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडलेले असले की असं होतं. त्यांनी लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये त्यांची अर्थिंग वेगळी ठेवणारी एक छोटी डीआय पेटी लावली आणि चार्जर चालू असतानाही आवाज स्वच्छ झाला. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जरशिवाय चालवणं हाही मार्ग होता, पण दोन तासांच्या चित्रपटाला त्यावर अवलंबून राहणं मला पटलं नाही.

मग संवाद. संगीत मोठं येत होतं आणि माणसं पुटपुटत होती. फाइलमध्ये दोन ध्वनिपट्ट्या होत्या, एक सहा वाहिन्यांची आणि एक साधी स्टीरिओ. चित्रपटगृहात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. दोनच स्पीकरवर सहा वाहिन्यांची पट्टी लावली की मधली वाहिनी दबते. स्टीरिओ निवडल्यावर संवाद पुढे आले. त्यानंतर दादांनी खालचे जड स्वर कमी केले. हे फक्त संवादासाठी नव्हतं. जड स्वर भिंतींमधून सहज जातात आणि शेजारच्या सोसायटीतून तक्रार येते ती बहुधा त्या धडधडीची.

आवाज किती ठेवायचा याचं माप असं ठरवलं. निवासी भागात दिवसाची, म्हणजे रात्री दहापर्यंतची, मर्यादा ५५ डेसिबल आहे. दादांकडे मीटर होता. चित्रपटातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या गाण्यावर त्यांनी गेटपाशी, बी विंगच्या तळमजल्याच्या खिडकीपाशी आणि नाल्याच्या भिंतीपाशी मोजलं. नाल्याकडे आकडा ५८ झाला. तिथे आवाज कमी करायचा तर मागच्या ओळीला संवाद ऐकू येणार नाहीत. मग दोन मोठ्या स्पीकरचा आवाज उतरवला, त्यांची तोंडं थोडी खाली, पाचव्या-सहाव्या ओळीकडे वळवली, आणि प्रोजेक्टरच्या रेषेत दोन्ही कडांना दोन छोटे स्पीकर वाढवले. मागच्यांना जवळून ऐकू येऊ लागलं आणि नाल्यापाशी आकडा ५३ वर आला. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि दूर जातो. दुपारी तपासलेला आवाज रात्री जास्त वाटतो त्याचं हे एक कारण. तालमीची वेळ तीच ठेवण्याचा फायदा इथे झाला.

केबलचं एक सांगायलाच हवं. लॅपटॉप पडद्यापाशी ठेवून प्रोजेक्टरपर्यंत लांब एचडीएमआय टाकायचा पहिला बेत होता. साध्या एचडीएमआय केबलवर दहा मीटरच्या पुढे चित्र लुकलुकायला लागतं. म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरशेजारीच ठेवला, दीड मीटरची केबल लावली आणि लांबचा प्रवास आवाजाच्या जाड केबलला करू दिला, तिला पंचवीस मीटर काहीच वाटत नाहीत. ब्लूटूथने स्पीकर जोडू नयेत. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. मोबाइलवरून ओटीटी मिरर करायचा विचार असेल तर आधी करून बघावा, बऱ्याचदा आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळा चौकोन दिसतो.

वीज पंपरूममधल्या पंधरा अँपिअरच्या प्लगवरून घेतली. सगळं मिळून दीड किलोवॉटच्या आतच होतं, त्यामुळे भाराची चिंता नव्हती, ओलाव्याची होती. हिरवळीला रोज संध्याकाळी साडेसातला पाणी सोडणारा टायमर आहे. माळीकाकांना सांगून तो शुक्रवारपासूनच बंद ठेवला आणि वायरचे जोड विटांवर उचलून, वर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवले. ज्या प्लगवरून वीज घेतली त्याला विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ईएलसीबी आहे, हे वायरमन दादांनी बटण दाबून दाखवलं. प्रोजेक्टर दिव्याचा होता, त्यामुळे त्याला यूपीएस दिला. वीज अचानक गेली तर आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा खराब होऊ शकतो.

शनिवारी सव्वासहाला लोक यायला लागले. पडद्यापासून बारा फूट मोकळी जागा, मग खाली ताडपत्री, तिच्यावर सतरंज्या आणि त्यावर पन्नासेक मुलं. सव्वीस फुटांवर प्रोजेक्टर आणि त्याच्या मागे सरळ चार फुटांची मधली वाट. ही वाट मुद्दाम यंत्राच्या मागे ठेवली, कारण तिथे खुर्ची ठेवली असती तर तिच्यासमोर टेबलच आलं असतं. दोन्ही बाजूंना पाच-पाच खुर्च्यांच्या आठ ओळी. ज्येष्ठांच्या खुर्च्या ए विंगच्या जिन्याच्या बाजूला, कडेला, म्हणजे मध्येच उठायचं झालं तर कुणाचे पाय ओलांडावे लागणार नाहीत आणि स्वच्छतागृह जवळ. व्हीलचेअरसाठी तिसऱ्या ओळीच्या टोकाला दोन खुर्च्यांची जागा रिकामी सोडली. गेटपासून लिफ्टपर्यंतचा रस्ता, रुग्णवाहिका येऊ शकेल इतका, पूर्ण मोकळा. तिथे वॉचमनकाका स्वतः उभे राहिले.

डासांसाठी धूर आदल्या दिवशी दुपारी करून घेतला होता. त्याच संध्याकाळी केला असता तर प्रोजेक्टरचा झोत त्यात पांढरा दिसला असता.

सहा पन्नासला सुरुवात केली. पहिली पाच मिनिटं आकाश अजून निळसर होतं, चित्र थोडं फिकं दिसलं, मग ते हळूहळू भरत गेलं. पाऊण तासाने नाल्याच्या बाजूने एक झोत आला, पडदा पोटासारखा फुगला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातले दोन हुक सुटले. चौकट हलली नाही. आम्ही चित्रपट थांबवला, दादांनी तीन मिनिटांत हुक परत लावले. मुलांना ते मध्यंतर वाटलं आणि ती चहाच्या टेबलाकडे धावली, त्यामुळे ठरलेलं दहा मिनिटांचं मध्यंतर तिथेच उरकून घेतलं.

साडेआठला साउंडवाल्या दादांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्यांनी आवाज थोडा उतरवला. शेवटचा अर्धा तास शांत प्रसंगांचा होता. मागच्या ओळीतल्या बंगाली काकू सबटायटल वाचत डोळे पुसत होत्या. आठ पंचावन्नला चित्रपट संपला. नऊ वाजून पाच मिनिटांनी स्पीकरच्या वायर निघाल्या होत्या.

तोपर्यंत दव पडायला लागलं होतं. ताडपत्रीमुळे सतरंज्या खालून कोरड्या होत्या, पण वरून दमट झाल्या होत्या आणि फ्लेक्सवर हात फिरवला तर बोटं ओली होत होती. तो ओला गुंडाळला तर काळा थर पांढऱ्याला चिकटतो आणि बुरशीचे डाग पडतात, म्हणून तसाच क्लबहाऊसमध्ये नेऊन टेबलांवर पसरला. रविवारी सकाळी पुसून, वाळवून, पीव्हीसी पाइपवर पांढरी बाजू बाहेर ठेवून गुंडाळला आणि पंपरूमच्या माळ्यावर ठेवला. निर्मात्यांच्या पत्राप्रमाणे चित्रपटाची फाइल लॅपटॉपवरून पुसून टाकली आणि तसं त्यांना कळवलं. सोमवारी आजोबांच्या सूनबाई लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, "ते पावणेनऊला झोपले." आणि मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यांची खुर्ची खिडकीत ठेवू का? पडद्याची पाठ दिसते, पण मुलांचं हसणं ऐकायला त्यांना आवडलं."

पडद्याची दिशा बदलता येईल का, हे मी सध्या मोजते आहे.